ऑर्डरच्या यादीतील मराठी अक्षरे बिघडली तर काय करावे?

कारागीर व व्यापारी बांधवांना हल्ली मालाची ऑर्डर सीएसव्ही फाइलने येते. फाइलवर दोनदा क्लिक केले की कधी कधी मालाच्या नावाच्या जागी `à¤ªà¤¾` अशी विचित्र चिन्हे दिसतात. आकडे मात्र ठीक असतात. अशा वेळी अंदाजाने माल पाठवला तर काळ्या पाकिटांऐवजी तपकिरी पाकिटे जातात आणि तो माल परत येतो.

फाइल बहुधा खराब झालेली नसते. यूटीएफ-८ या पद्धतीत मराठीचे प्रत्येक अक्षर, काना, मात्रा तीन तुकड्यांत साठवलेली असते. एक्सेल ते तुकडे इंग्रजीच्या जुन्या पद्धतीने वेगवेगळे वाचते, म्हणून एका अक्षराची तीन चिन्हे होतात.

समजा, चामड्याच्या पाकिटांची ऑर्डर अशी आहे:

```
माल;नग;दर
पाकीट, काळे;24;180
पाकीट, तपकिरी;36;175
```

ही फाइल दोनदा क्लिक करून उघडू नये. संगणकावरील अलीकडच्या एक्सेलमध्ये कोरे पान उघडून `Data` मधील `From Text/CSV` निवडावे व फाइल दाखवावी. समोर नमुना दिसतो. तेथे `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवडताच नावे मराठीत दिसू लागतात.

आता `Delimiter` पाहावा. रकाने वेगळे करणारे चिन्ह म्हणजे डिलिमिटर. आपल्या यादीत ते अर्धविराम आहे, स्वल्पविराम तर नावाचाच भाग आहे. तेथे `Comma` निवडला तर 'पाकीट' एका रकान्यात आणि 'काळे;24;180' दुसऱ्यात जाईल. म्हणून `Semicolon` निवडावा. कोणते चिन्ह आहे हे कळत नसेल, तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. नमुन्यात तीन रकाने नीट दिसले की `Load` दाबावे. मग नगांची बेरीज करावी. २४ आणि ३६ मिळून ६० आले आणि ऑर्डरही ६० नगांचीच असेल, तर एकही ओळ सुटलेली नाही.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांना फाइल उघडतानाच अशी खिडकी दिसते. तेथेही यूटीएफ-८ व फक्त अर्धविराम निवडावा, स्वल्पविरामाची खूण असल्यास काढावी.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नोटपॅडमध्येही नावाच्या जागी `????` दिसत असेल, तर पाठवणाऱ्याने फाइल साठवतानाच अक्षरे गेली आहेत. ती कोणत्याही निवडीने परत येत नाहीत, फाइल पुन्हा मागवावी. आपण स्वतः यादी पाठवताना `CSV UTF-8` हाच प्रकार निवडावा. नुसता `CSV` निवडल्यास आपल्या गिऱ्हाइकाकडे अशीच प्रश्नचिन्हे पोहोचू शकतात.