पाठ : पूर्ण झालेल्या कामाची समीक्षा

प्रस्तावना

चित्रपट पूर्ण झाला की तो पाहणाऱ्यांचा होतो. तो कसा घडला याची आठवण मात्र घडवणाऱ्यांपाशीच उरते आणि काही आठवड्यांत पुसट होऊ लागते. म्हणून ॲनिमेशनपट तयार करणारे गट काम संपल्यावर एक बैठक घेतात आणि त्या कामातून पुढे काय चालू ठेवायचे व काय बदलायचे हे लिहून ठेवतात. या व्यवसायात या बैठकीला 'पोस्टमॉर्टेम' म्हणतात. आपण तिला 'कार्यसमीक्षा' म्हणू. या पाठात एका लघुपटाच्या उदाहरणावरून कार्यसमीक्षा कशी करावी आणि तिचे टिपण कसे लिहावे, ते पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• मत आणि नोंद यांतील फरक सांगू शकाल;
• घडलेल्या अडचणीच्या मुळाशी असलेले कारण शोधू शकाल;
• कार्यसमीक्षेचा निर्णय नेमक्या शब्दांत लिहू शकाल.

१. समीक्षा टाळली का जाते?

अमेरिकेतील पिक्सार या ॲनिमेशन संस्थेचे एक संस्थापक एड कॅटमल यांनी २००८ साली लिहिलेल्या एका लेखात आपल्या संस्थेतील अशा बैठकांविषयी सांगितले आहे. त्यांचे निरीक्षण असे, की लोक या बैठकांतून शिकतात, पण त्या त्यांना आवडत नाहीत. चुकलेल्या गोष्टींपेक्षा साधलेल्या गोष्टींवर बोलणे सर्वांना सोपे वाटते. प्रमुखांनाही अशा वेळी सहकाऱ्यांचे कौतुक करावेसे वाटते. त्यामुळे बैठकीचा सत्कारसमारंभ होतो.

यावर त्यांच्या संस्थेने दोन उपाय योजले. पहिला, प्रत्येक गटाने पुन्हा कराव्यात अशा पाच आणि पुन्हा करू नयेत अशा पाच गोष्टी लिहून आणायच्या. दोन्ही याद्यांची लांबी सारखी असल्याने दोष सांगणे हे कोणाचे वैर ठरत नाही. तो ठरलेल्या कामाचाच भाग होतो. दुसरा उपाय म्हणजे आकडे मांडणे. कोणते काम किती वेळा पुन्हा करावे लागले, दुसऱ्या विभागाकडे गेले तेव्हा ते पूर्ण होते की अर्धवट, अशा नोंदी समोर असल्या की चर्चेला आधार मिळतो.

२. एक उदाहरण

मोठ्या संस्थेची ही रीत लहान गटालाही वापरता येते. अशी कल्पना करा, की म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत एक खोली भाड्याने घेऊन पाच जणांच्या गटाने दोन मिनिटांचा ॲनिमेशनपट तयार केला. त्यात २४ दृश्ये होती. काम १६ आठवड्यांत संपायचे होते. त्याला २१ आठवडे लागले. आठवड्याचे सहा कामाचे दिवस धरले, तर उशीर ३० दिवसांचा झाला.

चित्रपट सुपूर्द केल्यावर आठवडाभर विश्रांती घेऊन गट बैठकीला बसला. सूत्रसंचालन दिग्दर्शकाकडे दिले नव्हते. दिग्दर्शकाने शेवटी बोलावे, असेही ठरले होते. कारण प्रमुखाचे मत आधी कळले, की इतरांची मते त्याकडे झुकू लागतात. प्रत्येकाने आपली यादी घरूनच लिहून आणली होती.

उशीर का झाला, या प्रश्नावर तिघांनी एकच उत्तर लिहिले होते : 'रेखाटन संथ झाले.' हे मत होते. त्यानंतर रोजच्या कामाची वही उघडली गेली. तिच्यातील हिशेब वेगळा निघाला. ३० दिवसांपैकी १८ दिवस सहा दृश्ये पुन्हा काढण्यात गेले होते, ७ दिवस एका पात्राच्या पोशाखाचा रंग बदलण्यात आणि ५ दिवस संगणक बंद पडल्यामुळे. रेखाटनकाराचा हात संथ नव्हता. तो तेच काम दुसऱ्यांदा करत होता.

३. कारणाच्या मुळाशी

ती सहा दृश्ये पुन्हा का काढावी लागली? कारण संवादांची लांबी बदलली. ती का बदलली? कारण रेखाटनासाठी गटातल्याच एकाच्या आवाजातील कच्चे ध्वनिमुद्रण वापरले होते आणि कलावंताचे अंतिम ध्वनिमुद्रण नवव्या आठवड्यात झाले. ते उशिरा का झाले? कारण वेळापत्रकात ते 'ध्वनी' या सदराखाली, म्हणजे शेवटच्या टप्प्यात लिहिले होते.

याचा परिणाम अकराव्या दृश्यात स्पष्ट दिसतो. कच्च्या ध्वनिमुद्रणात त्यातील संवाद साडेचार सेकंदांचा होता. कलावंताने तो ठहराव घेत सहा सेकंदांत म्हटला. चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी लागतात. म्हणजे दृश्य १०८ चौकटींवरून १४४ चौकटींवर गेले. गट एक चित्र दोन चौकटींसाठी वापरत असल्याने ५४ ऐवजी ७२ चित्रे लागली. वाढ १८ चित्रांची दिसते. पण शब्दांच्या जागाच सरकल्यामुळे जुन्या ५४ चित्रांतील ओठांची हालचालही जुळेना आणि तीही नव्याने काढावी लागली. म्हणूनच ॲनिमेशनमध्ये संवाद आधी ध्वनिमुद्रित करून मग त्यावर चित्रे काढण्याची रीत आहे.

येथे 'का?' हा प्रश्न तीनदा विचारला गेला. पहिल्या उत्तरावर थांबले असते, तर दोष रेखाटनकाराच्या माथी बसला असता आणि पुढच्या चित्रपटातही तीच वेळ आली असती. शोध एखाद्या व्यक्तीच्या नावापाशी संपत असेल, तर तो अपुरा आहे असे समजावे.

४. काय चालू ठेवावे?

साधलेल्या गोष्टींचीही अशीच परीक्षा घ्यावी लागते. या गटाच्या यादीत दोन गोष्टी होत्या. पहिली, दर शनिवारी सर्वांनी कच्ची रेखाटने एकत्र पाहणे. पाचव्या दृश्यातील पात्र चुकीच्या दिशेला पाहत आहे, हे तेव्हाच लक्षात आले आणि अर्ध्या दिवसात सुधारले गेले. रंग भरल्यावर ते कळले असते, तर रंगकामही वाया गेले असते. दुसरी गोष्ट म्हणजे संगीत वेळेवर मिळणे. चौकशी केली तेव्हा कळले, की संगीतकाराचे दुसरे काम ऐनवेळी पुढे ढकलले गेले होते. पहिले यश पद्धतीचे, दुसरे योगायोगाचे. पहिले 'चालू ठेवावे' या सदरात गेले. दुसऱ्यापुढे 'पुढच्या वेळी तारीख लेखी ठरवावी' अशी नोंद झाली.

५. निर्णयाची भाषा

'पुढच्या वेळी नियोजन चांगले करावे' हे वाक्य निरुपयोगी आहे. ते पाळले गेले की नाही, हे कोणालाच ठरवता येत नाही. गटाने लिहिलेला निर्णय असा होता :

निर्णय – अंतिम ध्वनिमुद्रण हाती आल्याशिवाय संवाद असलेल्या दृश्याचे रेखाटन सुरू करू नये.
जबाबदारी – निर्मिती समन्वयक.
पडताळणी – पुढील चित्रपटात संवादामुळे पुन्हा काढलेल्या दृश्यांची संख्या मोजावी. या वेळी ती सहा होती.

पोशाखाच्या रंगाविषयीही असाच एक निर्णय झाला. संगणकाच्या बिघाडाबाबत मात्र केवळ नोंद केली गेली. एकदाच घडलेल्या अपघातावरून नियम करावा की नाही, हे तो पुन्हा घडतो का, ते पाहून ठरवायचे होते. एका चित्रपटाचा अनुभव हा एकाच चित्रपटाचा असतो. पुढच्या कथेत संवादच नसतील, तर पहिला निर्णय लागू होणार नाही. म्हणून हे टिपण नव्या कामाच्या पहिल्या बैठकीत मोठ्याने वाचावे, त्यातील प्रत्येक निर्णय या कामाला लागू आहे का ते ठरवावे आणि मगच वेळापत्रक आखायला घ्यावे.

पाठगत प्रश्न

१. 'रेखाटन संथ झाले' हे मत कोणत्या नोंदीमुळे चुकीचे ठरले?
२. एक संवाद तीन सेकंदांवरून चार सेकंदांचा झाला. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरल्यास किती चित्रे वाढतील?
३. 'रंग ठरवताना काळजी घ्यावी' हे वाक्य निर्णय, जबाबदारी आणि पडताळणी या तीन ओळींत पुन्हा लिहा.