पहिलं उत्तर किती वेळात? हेल्पडेस्कचं माप ठरवताना

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हिशोब इथे लिहून देतो.

समजा तुमच्या कंपनीत ऐंशी माणसं आहेत आणि आयटी सांभाळायला दोघं जण. आठवड्यात २२ तिकिटं आली. १७ जणांना १० मिनिटांत उत्तर मिळालं, तिघांना ४ तासांनी, आणि दोघांना अजून काहीच नाही. सरासरी काढली तर येते साडेचव्वेचाळीस मिनिटं. पण तेवढा वेळ थांबलं कोण? कोणीच नाही! आणि ते दोघं तर सरासरीत आलेच नाहीत, कारण एक्सेलचं AVERAGE रिकामा सेल मोजतच नाही. म्हणजे सगळ्यात जास्त ताटकळलेली माणसंच हिशोबातून गायब.

म्हणून सरासरी सोडा आणि प्रश्न बदला: ३० मिनिटांच्या आत उत्तर मिळालेली तिकिटं शंभरात किती? A मध्ये तिकीट नंबर, D मध्ये लागलेली मिनिटं:

```
=COUNTIF(D2:D23,"<=30")/COUNTA(A2:A23)
```

२२ पैकी १७, म्हणजे सुमारे ७७ टक्के. उत्तर न मिळालेली दोन तिकिटं आता खाली, भागाकारात, बसली. मात्र आत्ताच आलेलं, ३० मिनिटं पूर्ण न झालेलं तिकीट पुढच्या आठवड्यात धरा. आणि D मध्ये वजाबाकीचं सूत्र असेल तर जपा. उत्तराची वेळ रिकामी असली की वजाबाकी उणे येते आणि ते तिकीट चक्क "वेळेत" मोजलं जातं. अशा ओळीत D रिकामाच राहायला हवा.

घड्याळ फक्त कामाच्या वेळेत चालवा. ऑफिस शनिवारी ७ ला बंद होतं, तिकीट ६:५० ला आलं आणि सोमवारी १० ला ऑफिस उघडल्यावर १०:१५ ला उत्तर गेलं, तर २५ मिनिटं झाली.

आता खरी गोम. "उत्तर" म्हणजे काय? "तुमची तक्रार नोंदवली आहे" हा आपोआप जाणारा मेल धरला तर दर महिन्याला शंभर टक्के येणार, आणि अकाउंट्सवाल्या ताईंचा प्रिंटर बंदच राहणार. माणसाने लिहिलेलं "बघतो" सुद्धा मी धरत नाही. उत्तरात उपाय हवा, नेमका प्रश्न हवा ("फक्त तुमच्याच पीसीवर होतंय का?"), नाहीतर कधी येणार ती वेळ. हे पाळलं जातंय का, ते आकड्यात दिसत नाही. दर आठवड्याला कुठलीही दहा तिकिटं उघडून स्वतः वाचावी लागतात.

एवढ्या कमी तिकिटांत एक जरी इकडचं तिकडे झालं तरी आकडा साडेचार टक्क्यांनी हलतो. त्यामुळे एका आठवड्यावरून टीमला बोलू नका, चार आठवडे एकत्र बघा. शिवाय हे माप फक्त दखल मोजतं. प्रिंटर सुरू कधी झाला, ते वेगळ्या कॉलममध्ये लिहा.