दुसरी किल्ली कोणती विश्वासाची? संदेशातील संकेतांक आणि ऑथेंटिकेटर

संगमेश्वर तालुक्याचा पूर्वेकडील भाग सह्याद्रीच्या उतारावर वसलेला आहे. डोंगर, पऱ्ये आणि दाट झाडी यांमुळे एका वाडीत मोबाईलची रेंज मिळते, तर पलीकडच्या वाडीत ती नाहीशी होते. अशा एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांना शाळेचे ई-मेल खाते उघडावयाचे आहे असे समजा. त्यांनी पासवर्ड अचूक भरला. पडद्यावर सूचना आली, ‘आपल्या मोबाईलवर पाठविलेला संकेतांक भरा.’ शाळेच्या संगणकाला तारेने इंटरनेट मिळते, परंतु हातातील मोबाईलला रेंज नाही. संकेतांक येत नाही आणि काम अडते.

ही अडचण केवळ गैरसोयीची आहे असे वाटते. वस्तुतः तिच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तोच सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. संकेतांक तयार कोठे होतो आणि आपल्यापर्यंत येण्यासाठी त्याला कोणत्या वाटेने प्रवास करावा लागतो, हा तो प्रश्न होय.

दोन पद्धतींतील मूलभूत फरक

पासवर्ड चोरीस गेला तरी खाते उघडता येऊ नये, यासाठी दुसरी पायरी असते. पहिल्या पायरीत आपणांस ठाऊक असलेली गोष्ट तपासली जाते, तर दुसऱ्या पायरीत आपल्या ताब्यात असलेली वस्तू. संदेशाच्या पद्धतीत सेवा देणारा संगणक एक संकेतांक तयार करतो व तो आपल्या मोबाईल क्रमांकावर धाडतो. म्हणजे येथे पडताळणी होते ती हातातील यंत्राची नव्हे, तर क्रमांकाची. तो क्रमांक त्या क्षणी ज्याच्या सिमकार्डावर चालू असेल, त्याला संकेतांक मिळतो.

ऑथेंटिकेटर या ॲपची रीत निराळी आहे. खाते जोडताना पडद्यावर एक क्यूआर कोड दिसतो. त्यात एक लांबलचक गुप्त किल्ली दडलेली असते. मोबाईलने तो कोड टिपला की ती किल्ली दोन ठिकाणी राहते, एक प्रत सेवेच्या संगणकात व दुसरी आपल्या मोबाईलमध्ये. त्यानंतर प्रवेशाच्या वेळी सेवेकडून मोबाईलकडे काहीही पाठविले जात नाही. दोन्हीकडे तीच किल्ली आणि तेच घड्याळ असते. त्यामुळे दोघेही स्वतंत्रपणे तेच गणित करतात व त्याच उत्तरावर येतात.

गणित कसे होते

या पद्धतीचे जागतिक मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून आजवर गेलेले सेकंद मोजावयाचे, त्यांना ३० ने भागावयाचे आणि बाकी सोडून भागाकार घ्यावयाचा. हा भागाकार व गुप्त किल्ली यांचे एका ठराविक रीतीने मिश्रण करून त्यातून सहा अंक काढले जातात. मिश्रणाची रीत अशी आहे की उत्तरावरून किल्ली शोधून काढता येत नाही. पडताळ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नमुना किल्लीवर हे गणित पुढीलप्रमाणे होते.

```
किल्ली : 12345678901234567890
सेकंद 59 : 59 / 30 -> 1 -> 287082
सेकंद 60 : 60 / 30 -> 2 -> 359152
```

एका सेकंदाने भागाकार बदलला आणि संकेतांक पूर्णपणे पालटला. दर ३० सेकंदांनी हे घडत राहते. गणिताला लागते ती केवळ किल्ली व घड्याळ. म्हणून रेंज नसलेल्या वाडीतही संकेतांक तयार होतो. मात्र मोबाईलचे घड्याळ काही मिनिटे पुढे-मागे असेल, तर बरोबर दिसणारा संकेतांकही नाकारला जातो. वारंवार असे झाल्यास प्रथम मोबाईलची वेळ ‘स्वयंचलित’ आहे की नाही ते पाहावे.

संदेशाच्या वाटेवरील धोके

संदेशातील संकेतांकाला वाट चालावी लागते आणि ती वाट दुसऱ्याला वळविता येते. सर्वात परिचित प्रकार म्हणजे बनावट कागदपत्रे दाखवून दुसऱ्याच्या क्रमांकाचे नवे सिमकार्ड मिळविणे. नवे कार्ड चालू होताच मूळ कार्ड बंद पडते आणि पुढील संदेश ठकाकडे जाऊ लागतात. यास आळा म्हणून दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये सिमकार्ड बदलल्यानंतर २४ तास संदेशसेवा बंद ठेवण्याचे निर्देश कंपन्यांना दिले. या अवधीत मूळ ग्राहकाला सावध होता येते, पण त्यासाठी त्याच्या लक्षात तर आले पाहिजे. डोंगराळ भागात रेंज गेली की ‘टॉवर बंद असेल’ असे समजून स्वस्थ बसण्याची सवय असते. म्हणून एक साधी परीक्षा करावी. त्याच जागी त्याच कंपनीचा दुसरा मोबाईल चालत असेल आणि फक्त आपलाच बंद असेल, तर तत्काळ कंपनीशी संपर्क साधावा. पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर कळवावे.

दुसरा प्रकार कार्डाला हातही न लावता होतो. दूरध्वनी कंपन्यांमधील जुन्या संकेतयंत्रणेतील उणिवांचा फायदा घेऊन संदेश परस्पर वळविले जातात. २०१७ मध्ये जर्मनीत याच मार्गाने बँकेचे संकेतांक हस्तगत करून ग्राहकांच्या खात्यांतून पैसे काढण्यात आले.

ऑथेंटिकेटरला हे दोन्ही मार्ग लागू पडत नाहीत, कारण वाटेत अडविण्यासारखे काही नसतेच. यामुळे दोहोंत ऑथेंटिकेटर अधिक सुरक्षित ठरतो.

दोन्ही पद्धती कोठे अपुऱ्या पडतात

तथापि मनुष्याने स्वतः संकेतांक दुसऱ्याच्या हाती दिला, तर दोन्ही पद्धती सारख्याच निरुपयोगी ठरतात. कोकणात वृद्ध आईवडिलांच्या खात्याला मुंबईतील चाकरमानी मुलाचा क्रमांक जोडलेला असणे नवलाचे नाही. मग आलेला संकेतांक फोनवरून वाचून दाखविण्याची सवय घरात रुजते आणि ठकाचा फोन आला तरी तीच सवय चालते. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर संकेतांक भरला, तर ठक तो ३० सेकंदांच्या आत खऱ्या पानावर वापरू शकतो. तेव्हा संकेतांक भरण्यापूर्वी पानाचा पत्ता वाचणे अटळ आहे. ॲपही मोबाईलच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावे. शासकीय ई-मेलसाठी असलेल्या ‘कवच’ या ऑथेंटिकेटरच्या बनावट प्रती २०२२ मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांना लक्ष्य करून पसरविण्यात आल्या होत्या.

कार्यालयाने घ्यावयाची खबरदारी

ऑथेंटिकेटरची किल्ली मोबाईलमध्ये राहते, हाच त्याचा गुण व हीच त्याची मर्यादा. मोबाईल हरवला तर किल्लीही जाते. म्हणून खाते जोडताना मिळणारे राखीव संकेतांक कागदावर उतरवून कपाटात कुलुपबंद ठेवावेत. यांतील प्रत्येक संकेतांक एकदाच चालतो. क्यूआर कोडचे छायाचित्र काढून ते इतरांना पाठवू नये. ते ज्याच्याकडे जाईल, त्याच्याकडे किल्लीची आणखी एक प्रत तयार होते.

बदलीच्या वेळी विशेष दक्षता हवी. ग्रामपंचायतीचे वा शाळेचे खाते जुन्या अधिकाऱ्याच्या मोबाईलला जोडलेले राहिले, तर नव्या अधिकाऱ्याला प्रवेश मिळत नाही आणि जुन्याकडे किल्ली राहते. कार्यभार सोपविताना जुनी जोडणी रद्द करून पासवर्ड बदलावा, नव्या मोबाईलवर नवा क्यूआर कोड टिपावा आणि नव्याने मिळालेले राखीव संकेतांक जपून ठेवावेत. दप्तर व शिक्के यांच्या यादीत या बाबीचीही नोंद असावी.

जेथे ऑथेंटिकेटरची सोय आहे तेथे तीच निवडावी. जेथे सेवा केवळ संदेशानेच संकेतांक देते, तेथे तीही पायरी बंद करू नये, कारण नुसत्या पासवर्डपेक्षा ती निश्चितच बरी. मात्र अशा खात्याला जोडलेला क्रमांक ते खाते प्रत्यक्ष हाताळणाऱ्याचाच असावा.