तळटीप की कंसातील संदर्भ?
(प्रशासकीय कायद्यावरील एका निबंधाच्या निमित्ताने)

राज्यशास्त्र विभागाच्या चर्चासत्रासाठी ‘नैसर्गिक न्याय आणि प्रशासन’ या विषयावर मी एक निबंध लिहिला. संदर्भ देण्याची पद्धत म्हणून मी लेखक-वर्ष पद्धती निवडली. वाक्याच्या शेवटी कंसात लेखकाचे आडनाव, प्रकाशनाचे वर्ष आणि पृष्ठ एवढेच द्यायचे आणि पूर्ण तपशील शेवटच्या संदर्भसूचीत ठेवायचा, असे तिचे स्वरूप असते. समाजशास्त्राच्या निबंधात ही पद्धत मी वापरली होती व ती सोयीची वाटली होती. या वेळी मात्र तिनेच माझा घात केला. तो कसा, हे सांगितले तर माझ्याबरोबरच इतरांचेही काम हलके होईल, म्हणून हा लेखनप्रपंच.

न्यायनिर्णयाला ग्रंथासारखा लेखक नसतो. म्हणून मी लेखकाच्या जागी ‘सर्वोच्च न्यायालय’ असे लिहिले. एका ग्रंथावरून टिपण काढताना ‘सर्वोच्च न्यायालय १९६९’ असे कार्ड तयार झाले, दुसऱ्या ग्रंथावरून ‘सर्वोच्च न्यायालय १९७०’ असे. निबंधात मी मोठ्या विश्वासाने लिहिले की, प्रशासकीय निर्णयालाही नैसर्गिक न्यायाची तत्त्वे लागू होतात ही भूमिका न्यायालयाने १९६९ मध्ये घेतली आणि पुढच्याच वर्षी तिला दुजोरा दिला. मार्गदर्शक सरांनी समासात एकच प्रश्न लिहिला : “हे दोन खटले कोणते?”

शोध घेतला तेव्हा कळले की खटला एकच होता : ए. के. क्रायपाक विरुद्ध भारत संघराज्य. जम्मू-काश्मीरमध्ये भारतीय वन सेवेसाठी निवड करणाऱ्या मंडळावर राज्याचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक सदस्य होते आणि तेच निवडीसाठी एक उमेदवारही होते. स्वतःच्या नावाचा विचार होत असताना ते बाजूला झाले होते, तरी न्यायालयाने ती निवड रद्द ठरविली. हा निर्णय २९ एप्रिल १९६९ रोजी दिला गेला. ‘सुप्रीम कोर्ट केसेस’मध्ये तो १९६९ च्या दुसऱ्या खंडात पृष्ठ २६२ वर आहे, तर ‘ऑल इंडिया रिपोर्टर’मध्ये १९७० च्या सर्वोच्च न्यायालय विभागात पृष्ठ १५० वर. म्हणजे निर्णय एक, लॉ रिपोर्ट दोन आणि वर्षेही दोन. मी ज्याला दुजोरा म्हटले होते, ती त्याच निर्णयाची दुसरी छपाई होती!

येथे मूळ अडचण ध्यानात येते. लेखक-वर्ष पद्धतीत वर्ष ही ओळखीची खूण असते. ग्रंथाच्या बाबतीत ती खूण पक्की असते. न्यायनिर्णयाच्या बाबतीत मात्र निर्णयाचे वर्ष आणि लॉ रिपोर्टचे वर्ष नेहमी एकच असेल असे नाही. ‘रिज विरुद्ध बाल्डविन’ हा प्रसिद्ध इंग्लिश निर्णय १९६३ मधला, पण तो सापडतो १९६४ च्या ‘अपील केसेस’मध्ये. एका खटल्याला निर्णयाचे आणि दुसऱ्याला लॉ रिपोर्टचे वर्ष दिले, तर कोणत्या न्यायालयाने कोणाचे अनुकरण केले हा क्रमच बिघडतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून आपल्या निर्णयांना तटस्थ संदर्भ-क्रमांक देण्यास सुरुवात केली आहे व त्यातील वर्ष निर्णयाचेच असते. पण आपले ग्रंथ जुन्या लॉ रिपोर्टांचेच संदर्भ देतात, तेव्हा घोळाची शक्यता उरतेच.

कायदे आणि अधिसूचना यांचीही तीच गत. समजा, प्रशासनाने आपल्या निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीस कळविली पाहिजेत, असे विधान केले. त्याला आधार आहे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४(१)(घ) चा. कंसात ‘भारत सरकार २००५’ असे लिहिले, तर वाचकाला ना कायदा कळतो ना कलम. त्याच वर्षाच्या दोन अधिसूचना आल्या, की ‘२००५अ’, ‘२००५आ’ असे शेपूट लावावे लागते आणि प्रत्येक वेळी वाचकाला शेवटचे पान उलटावे लागते.

तळटिपेत हे सारे जागच्या जागी बसते. क्रायपाकची पहिली तळटीप मी आता अशी देतो :

ए. के. क्रायपाक वि. भारत संघराज्य, ए. आय. आर. १९७० एस. सी. १५०, परि. २० (निर्णय : १९६९).

पृष्ठापेक्षा परिच्छेद-क्रमांक देणे बरे, कारण प्रत्येक लॉ रिपोर्टमध्ये पृष्ठ निराळे असते. पुढच्या उल्लेखात ‘क्रायपाक, परि. २०’ एवढे पुरते.

तळटिपेचाही एक धोका आहे. ‘तत्रैव’ किंवा ‘उपरोक्त टीप ७’ असे लिहून आपण मोकळे होतो. नंतर मध्येच एक नवी टीप घातली, की ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. संगणक टिपांचे क्रमांक आपोआप पुढे सरकवतो, पण आपण हाताने टंकलेला ‘७’ मात्र सातच राहतो. म्हणून मी क्रमांकाऐवजी खटल्याचे किंवा ग्रंथाचे संक्षिप्त नावच लिहितो आणि ‘तत्रैव’ अगदी शेवटच्या खर्ड्यात घालतो.

मग लेखक-वर्ष पद्धती टाकाऊच का? तसे नाही. चर्चा जेथे अभ्यासकांच्या मतांची आहे, तेथे वर्षच बोलते. वेड यांच्या प्रशासकीय कायद्यावरील ग्रंथाची पहिली आवृत्ती १९६१ ची, म्हणजे ‘रिज’च्या आधीची, तर पाचवी १९८२ ची. ‘वेड १९६१’ आणि ‘वेड १९८२’ असे शेजारी वाचताच मधल्या काळात कायदा कोठून कोठे गेला असेल, हा प्रश्न मनात उभा राहतो. मुलाखती व आकडेवारीवर आधारलेल्या निबंधालाही तीच पद्धत सोयीची. ज्या निबंधाचा भार खटले आणि कलमे यांवर आहे, त्याला मात्र तळटीप. एकाच निबंधात दोन्हींची खिचडी करू नये.

पद्धत कोणतीही घ्या, शेवटची सूची एकाच साच्याची हवी. मी तिचे तीन भाग करतो. पहिला न्यायनिर्णयांचा, पहिल्या पक्षकाराच्या नावानुसार अकारविल्हे. दुसरा कायदे, नियम व अधिसूचनांचा. येथे कायद्याचे वर्ष व क्रमांक, अधिसूचनेसाठी राजपत्राचा भाग व दिनांक. तिसरा ग्रंथ व लेखांचा. तळटिपेत ‘एस. पी. साठे’ असे सरळ नाव येते, तर सूचीत ‘साठे, एस. पी.’ असे आडनाव आधी, मग ग्रंथनाम, आवृत्ती, प्रकाशक, स्थळ व वर्ष. नेमके पृष्ठ किंवा परिच्छेद तळटिपेत द्यायचा, सूचीत नाही. लॉ रिपोर्टही एकच निवडायचा; दुसरा द्यायचा असेल तर त्याच नोंदीत, स्वल्पविराम देऊन.

सूची अशी तीन भागांत मांडली, तेव्हा माझी चूक विनासायास उघडी पडली. पहिल्या भागात ‘ए. के. क्रायपाक’ हे नाव एकाखाली एक दोनदा आले. लेखकाच्या जागी ‘सर्वोच्च न्यायालय’ लिहिल्याने इतके दिवस ते लपून राहिले होते. दोन नोंदींची एक केली, निबंधातले ‘पुढच्याच वर्षी दुजोरा’ हे वाक्य खोडले, आणि त्याबरोबर त्यावर उभारलेला अर्ध्या पानाचा युक्तिवादही काढून टाकला. निबंध तेवढा आखूड झाला; पण आता समासातल्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे.