नुसता फोटो आलाय

संध्याकाळी सातच्या सुमारास मोबाईल वाजतो. खोडदकडच्या भाच्याने नारायणगावच्या कृषी सेवा केंद्रातून एक फोटो टाकलेला असतो. मांडणीवर ओळीने ठेवलेल्या बाटल्या, त्यातल्या एकीवर त्याचं बोट. खाली एक अक्षर नाही. मी मंचरला घरी बसून फोटो मोठा करून बघतो. याला नक्की काय विचारायचंय? महाग पडतंय का, की खरं आहे का, की शेजाऱ्याने सांगितलंय म्हणून घेऊ का? जुन्नर-आंबेगावात असे फोटो घराघरात येतात, आणि उलट उत्तरही बहुधा तेवढंच जातं : अंगठा.

अंगठा पाठवण्याआधी मी तीन फोटो मागतो. बाटलीच्या लेबलची पुढची बाजू, बॅच नंबर आणि तारीख असलेली जागा, आणि मागच्या वेळी फवारलेल्या औषधाची रिकामी बाटली. तिसऱ्या फोटोला भाचा हमखास कुरकुरतो, कारण ती बाटली बांधावर पडलेली असते आणि तो दुकानात उभा असतो. पण पैसे वाचतात ते बहुतेकदा त्याच फोटोमुळे.

या वेळचं घ्या. लेबलवर मोठ्या अक्षरात ब्रँडचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी. दुकानदार ज्याला 'टेक्निकल' म्हणतो ते हेच, आणि बाटलीत काम करणारी वस्तूही हीच. या रसायनाचं भारतातलं पेटंट ऑगस्ट २०२२ मध्ये संपलं. तेव्हापासून तेच औषध वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्यांत मिळू लागलं. तेव्हा ब्रँडच्या नावावर भाव तोलण्यात अर्थ नाही. टेक्निकल, टक्के आणि एससी-ईसी-एसजी हा प्रकार, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच दोन बाटल्यांचे भाव शेजारी मांडता येतात.

मी विचारलं, "टोमॅटोवर काय दिसतंय?"

"फळ पोखरतीय मामा, अळी. तीन तोडे झाले, क्रेटमागं पाच-सहा फळं काढून टाकावी लागतात."

अळी असेल तर हे औषध योग्य. पानं आकसत असती, फुलकिडे किंवा पांढरी माशी असती, तर हे औषध कितीही अस्सल आणि कितीही स्वस्त असलं तरी पैसे पाण्यातच गेले असते, कारण त्याचं मुख्य काम अळ्यांवर आहे. टोमॅटोच्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी लेबलवर हेक्टरी १५० मिली लिहिलेलं असतं. म्हणजे एकराला ६० मिली. २०० लिटरच्या एका बॅरलला ६० मिली, आणि पंधरा लिटरच्या पंपाला साडेचार मिली. दुकानात 'पंपाला दहा टाका' असं सांगणारे भेटतात. त्यात एकराचा खर्च दुपटीवर जातो आणि अळी काही दोनदा मरत नाही.

भावाचा हिशेब बाटलीवर किंवा मिलीवर करू नये, एकरावर करावा. आकडे नुसते हिशेबापुरते घेऊ. समजा ही ६० मिलीची बाटली ६०० रुपयांना आहे, म्हणजे मिलीला दहा रुपये. शेजारी फ्लुबेंडियामाइड ३९.३५ टक्के एससीची १०० मिलीची बाटली १,२०० रुपयांना आहे, म्हणजे मिलीला बारा. पहिली स्वस्त वाटते. पण दुसऱ्या औषधाची मात्रा हेक्टरी १०० मिली, एकरी ४०. त्यामुळे पहिल्या बाटलीने एकराला ६०० रुपये आणि दुसरीने ४८०. मिलीला महाग असलेलंच एकराला स्वस्त पडलं. अर्थात उरलेले ६० मिली पुढे मुदतीत वापरणार असाल तरच. एकच एकर असेल तर १,२०० रुपये खिशातून गेलेच.

इतका हिशेब करून झाला, तेवढ्यात बांधावरच्या बाटलीचा फोटो आला, कारण भाच्याने घरच्या धाकट्याला पळवलं होतं. त्यावर फ्लुबेंडियामाइड. दहा दिवसांपूर्वी मारलेलं. तिथेच भावाची चर्चा संपली. ही दोन्ही औषधं एकाच गटातली, गट २८. अळीच्या स्नायूंवर दोघांचाही मारा एकाच ठिकाणी. काही बाटल्यांवर हा गट क्रमांक छापलेला असतो, नसेल तर दुकानदाराला विचारावा. पहिल्यातून ज्या अळ्या वाचल्या, त्या दुसऱ्यातूनही वाचण्याचीच शक्यता जास्त. नाव बदललं, रंग बदलला, कंपनी बदलली, औषध मात्र बदललं नाही.

मग इंडोक्साकार्ब १४.५ टक्के एससीची बाटली बघायला सांगितली. गट २२, मात्रा एकरी १६० ते २०० मिली. त्यावर भाच्याने विचारलेला प्रश्न मला आवडला : "मग तोडा कधी?" फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं हे लेबलवर असतं. टोमॅटोवर क्लोरँट्रानिलीप्रोलला तीन दिवस, इंडोक्साकार्बला पाच. आपल्याकडे उन्हाळी प्लॉटचा तोडा एक-दोन दिवसांआड चालतो. म्हणजे इंडोक्साकार्ब मारलं की एक-दोन तोडे पुढे ढकलावे लागतात, माल पिकून मऊ पडतो आणि नारायणगावच्या बाजारात क्रेटला भाव कमी लागतो. हा खर्च बाटलीवर छापलेला नसतो, पण धरला पाहिजे. भाच्याने सकाळी तोडा घेऊन, थोडा हिरवा मालही काढून, त्याच संध्याकाळी फवारायचं ठरवलं.

आता खरं-खोटं. फोटोवरून बाटलीत काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. पण काय नाही ते दिसतं. कीटकनाशकाच्या लेबलवर कोनावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्यात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग. लाल सर्वांत विषारी, हिरवा सर्वांत कमी. शिवाय नोंदणी क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, बॅच, तयार केल्याची आणि मुदत संपल्याची तारीख, विषबाधेवरचा उतारा. चौकोन नाही, नोंदणी क्रमांक नाही, आणि तरी 'अळीवर शंभर टक्के रिझल्ट, पूर्ण हर्बल' असं लिहिलंय, तर ती बाटली कायद्याने कीटकनाशक नव्हेच. ती फोटोतच सोडून द्यावी. टॉनिकचा कायदा वेगळा : बायोस्टिम्युलंट २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत, आणि त्यांना अळी मारण्याचा दावा करता येत नाही.

लोकांचे अनुभव मी सगळ्यात शेवटी धरतो. शेजाऱ्याला 'रिझल्ट आला' म्हणजे त्याने कोणत्या अळीवर, किती मोठी असताना, कशानंतर मारलं, हे कळत नाही तोवर ते वाक्य आपल्या प्लॉटला लागू पडत नाही. त्यापेक्षा पोखरलेली चार फळं पिशवीत घालून नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावीत.

बिलाबाबत मात्र मी हट्टी आहे. एकदा मंचरकडच्या एका दुकानात 'बिलाविना पन्नास कमी' म्हणाले आणि मी पन्नास वाचवले. औषध लागू पडलं नाही, आणि तक्रार करायला हातात कागदच नव्हता. दुकानदाराने बिल देणं बंधनकारक आहे, आणि त्यावर बॅच नंबर लिहून घ्यावा. शंका आली तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लगेच जावं, कारण नमुना दुकानातल्या त्याच बॅचच्या सीलबंद मालातून काढला जातो. आपण फोडलेली बाटली त्यासाठी चालत नाही, आणि तो माल विकून संपला की नमुना घ्यायला काही उरत नाही.

साडेआठला पुन्हा फोटो आला. या वेळी बिलाचा. बॅच नंबर होता, मुदतीची तारीख मात्र दुकानदाराने लिहिली नव्हती. मी भाच्याला म्हटलं, परत आत जा.