मिरवणुकीच्या शेपटाशी गाडी चालवताना

१४ एप्रिलच्या संध्याकाळी अर्धी वस्ती मिरवणुकीत असते. त्याच वेळी आपल्यातलाच कुणी रिक्षावर असतो, कुणी टेम्पोवर, कुणी दुचाकीवरून पार्सल पोचवत असतो. मिरवणुकीच्या ऐन गर्दीत तो जपूनच चालवतो, कारण तिथे पोलीस असतात, दोरी धरलेले कार्यकर्ते असतात आणि गाडी पुढे सरकतच नाही. खरा धोका गर्दी संपल्यासारखी वाटते तिथे, म्हणजे मिरवणुकीच्या शेपटाशी असतो.

असे समजा की पोलिसांनी मुख्य रस्ता बंद केला आणि रिक्षा गल्लीतून वळवली. अर्धा तास त्यात गेला. मागे बसलेली ताई स्टेशन गाठायचे म्हणून घाई करते आहे. गल्ली संपते, रिक्षा मोठ्या रस्त्यावर येते. डीजेची गाडी पन्नास मीटर पुढे गेलेली आहे आणि समोरचा रस्ता मोकळा दिसतो. चालक वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत नेतो. डाव्या बाजूला सरबत वाटपाचा टेम्पो उभा आहे. सहा वर्षांचा मुलगा हातात ग्लास घेऊन त्या टेम्पोच्या पुढून एकदम रस्त्यावर धावतो, कारण त्याची आई मिरवणुकीबरोबर पुढे गेली आहे.

ताशी ३० च्या वेगात रिक्षा एका सेकंदाला सुमारे ८ मीटर जाते, म्हणजे तीन रिक्षा एकामागे एक लावल्या तर होईल तेवढी लांबी. मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण हा एक सेकंद जातो. ब्रेक लागल्यावरही गाडी पाच-सहा मीटर पुढे जाते. मूल आठ मीटरवर दिसले असेल तर धडक जवळजवळ पूर्ण वेगात बसते. वेग ताशी १० असता तर तीच रिक्षा सुमारे चार मीटरमध्ये थांबली असती. रस्त्यावर फुले, सांडलेले सरबत किंवा वाळू असेल तर आणखी जास्त जागा लागते.

हॉर्नचा इथे भरवसा नाही. डीजेच्या आवाजात तो ऐकूच जात नाही आणि ऐकला तरी माणसे मिरवणुकीकडेच पाहत असतात. तुम्ही उभ्या टेम्पोच्या खालून पाहा. पलीकडे लहान पाय दिसले तर मूल येणार असे धरूनच चाला. उभ्या गाडीला चिकटून जाऊ नका, अंतर ठेवा. आवडीचे गाणे सुरू झाले, जेवण वाटप उघडले किंवा पोलिसांनी बॅरिकेड काढले की काही क्षणांत माणसे एका बाजूला धावतात. अशा वेळी गाडी जागीच थांबवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा आणि इंजिन बंद करा. मागे घेऊ नका, कारण मागच्या चाकाजवळ कोण उभे आहे ते आरशात दिसत नाही. प्रवासी कुरकुर करेल, करू द्या. उतरून चालत जायला सांगितले तरी चालते.

गर्दीत चाक पायावरून जाण्याचा अपघात बऱ्याचदा होतो, आणि याबाबत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. रक्त आले नाही, मूल उठून उभे राहिले, म्हणजे काही झाले नाही असे मानून घरी नेतात आणि तेल लावून चोळतात. चाक फिरताना कातडी खालच्या मांसापासून सुटू शकते. बाहेरून ती धड दिसते, पण तिचा रक्तपुरवठा तुटला असेल तर काही दिवसांत ती काळी पडते. म्हणून पाय सुजण्याआधी बूट, मोजा आणि पैंजण काढा. पाय हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून सैल बांधा आणि उंच ठेवा. चोळू नका. त्याच रात्री दवाखान्यात न्या आणि चाक पायावरून गेले हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बोटे थंड किंवा फिकट पडली, बधिर झाली किंवा वेदना वाढत गेल्या तर सकाळची वाट पाहू नका. माणूस चाकाखाली अडकला असेल तर गाडी हलवण्याआधी खाली वाकून पाहा, आणि १०८ ला फोन करताना जवळच्या बुद्धविहाराचे किंवा चौकाचे नाव सांगा.

दुचाकीचा तापलेला सायलेन्सर लहान मुलांच्या पोटरीच्या उंचीवर येतो. त्याचा चटका बसला तर वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नका. मिरवणुकीत पाण्याचा टँकर असतोच, मुलाला तिथे न्या.