पुनर्नोंद पद्धतीने प्राणिसंख्येचा अंदाज: बेंगळूरुच्या भटक्या कुत्र्यांचे उदाहरण

बेंगळूरु महानगरपालिकेने जुलै २०२३ मध्ये शहरातील भटक्या कुत्र्यांचे सर्वेक्षण केले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची पशुरोग जानपदिक संस्था, निवेदी, या कामात सहभागी होती. सर्वेक्षणातून सुमारे २.७९ लाख हा आकडा आला. २०१९ मधील आकडा सुमारे ३.१० लाख होता. एवढी कुत्री कोणी एकेक करून मोजलेली नसतात. निवडक भागांतील कुत्र्यांची छायाचित्रे घ्यायची, त्याच भागात पुन्हा जाऊन छायाचित्रे घ्यायची आणि दोन्ही वेळा दिसलेली कुत्री ओळखायची, या रीतीने हा अंदाज बांधला जातो. आम्ही कीटकशास्त्रज्ञ माश्या व पतंगांसाठी हीच रीत वापरतो. तिचा हिशेब सोपा आहे. मात्र उत्तर कोणत्या बाजूला चुकू शकते, हे जाणल्याशिवाय त्या हिशेबावर विसंबता येत नाही.

डेन्मार्कच्या पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांसाठी आणि अमेरिकेच्या लिंकन यांनी १९३० मध्ये रानबदकांसाठी ही पद्धत वापरली. त्यांना प्राण्यांवर खूण करावी लागे. ज्यांच्या अंगावर निसर्गतःच खुणा असतात, त्यांच्यासाठी छायाचित्र पुरते. के. उल्लास कारंथ यांनी नागरहोळेच्या जंगलातील वाघ पट्ट्यांवरून ओळखून १९९५ मध्ये असा अंदाज प्रसिद्ध केला. कुत्र्याचा रंग, ठिपके, शेपटी, लिंग आणि नसबंदी झाली असल्यास कानाची खाच यांवरून तेच साधते.

हिशेब

एक काल्पनिक वस्ती घेऊ. पहिल्या दिवशी ४८ कुत्री नोंदली. दुसऱ्या दिवशी ४१ दिसली व त्यांपैकी २७ आदल्या दिवशीचीच होती. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत जुन्या कुत्र्यांचे प्रमाण ४१ पैकी २७ आहे. संपूर्ण वस्तीतही पहिल्या दिवशी नोंदलेल्यांचे प्रमाण एवढेच असावे, असे मानले तर एकूण संख्या ४८ × ४१ ÷ २७, म्हणजे सुमारे ७३ येते. लहान नमुन्यात हे सूत्र किंचित जास्त उत्तर देते. म्हणून चॅपमन यांची दुरुस्ती वापरतात: तिन्ही आकड्यांत एकेक मिळवून तोच गुणाकार-भागाकार करायचा आणि शेवटी एक वजा करायचा. ४९ × ४२ ÷ २८ − १ = ७२.५. नमुन्याच्या योगायोगामुळे येणारी ९५ टक्के विश्वास-मर्यादा साधारण ६२ ते ८३ आहे. दोन दिवसांत वेगवेगळी ६२ कुत्री प्रत्यक्ष पाहिलेलीच आहेत. न दिसलेली किती, एवढाच प्रश्न सूत्र सोडवते.

तीन गृहीतके

पहिले गृहीतक असे की दोन फेऱ्यांच्या दरम्यान समूह बंदिस्त राहतो. जन्म, मृत्यू, येणे-जाणे नाही. सलग दिवशी फेऱ्या केल्यास जन्म-मृत्यूचा प्रश्न बहुतांशी मिटतो; पण वस्तीच्या सीमेवरची कुत्री आज आत, उद्या बाहेर असतात. त्यामुळे ओळखीची कुत्री कमी सापडतात आणि अंदाज फुगतो.

दुसरे गृहीतक असे की ओळख चुकत नाही. वरच्या उदाहरणात २७ पैकी तीन कुत्री कार्यकर्त्याला ‘नवी’ वाटली, तर पुनर्नोंदी २४ उरतात आणि अंदाज ८१ होतो. उलट, तीन वेगळी पण सारख्या तपकिरी रंगाची कुत्री जुनीच समजली गेली, तर पुनर्नोंदी ३० होऊन अंदाज ६५ वर येतो. म्हणून छायाचित्रांची जुळणी दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे करावी आणि त्यांचे मतभेद नोंदवावेत.

तिसरे गृहीतक सर्वांत नाजूक आहे: प्रत्येक कुत्रे दिसण्याची शक्यता सारखी. चहाच्या टपरीजवळचे कुत्रे रोज दिसते. पिल्ले घेऊन गटाराआड बसलेली मादी क्वचितच दिसते. समजा वस्तीत खरोखर ८० कुत्री आहेत. त्यांपैकी धीट ५० कुत्री एका फेरीत दिसण्याची शक्यता ८० टक्के आणि बुजऱ्या ३० कुत्र्यांची २० टक्के. मग प्रत्येक फेरीत ४०+६ म्हणजे ४६ कुत्री दिसतील. दोन्ही वेळा दिसणारी धीट ३२ आणि बुजरी जेमतेम एक, म्हणजे सुमारे ३३. अंदाज येतो ४६ × ४६ ÷ ३३, म्हणजे ६४. सोळा कुत्री हिशेबातूनच नाहीशी झाली. येथे कोणाचीही नोंद चुकलेली नाही आणि विश्वास-मर्यादाही ही चूक भरून काढत नाही, कारण ती केवळ योगायोगाची मोजदाद करते.

या तुटीची किंमत लसीकरणात मोजावी लागते. रेबीजचा प्रसार थांबवण्यासाठी ७० टक्के कुत्र्यांना लस द्यावी, असे सर्वमान्य लक्ष्य आहे. ६४ च्या ७० टक्के, म्हणजे ४५ कुत्र्यांना लस टोचून काम पूर्ण झाले असे कागदावर दिसेल. प्रत्यक्षात ८० पैकी ४५, म्हणजे ५६ टक्केच संरक्षित असतील. शिवाय धीट कुत्री पकडायलाही सोपी असल्याने लस न मिळालेली बहुतेक कुत्री बुजरीच असतील.

चूक ओळखावी कशी?

दोन फेऱ्यांवरून ही विषमता कळत नाही. तिसरी फेरी हवी. आधी दोन्ही दिवशी दिसलेली कुत्री आणि एकाच दिवशी दिसलेली कुत्री यांचे दोन गट करावेत व तिसऱ्या दिवशी प्रत्येक गटातील किती दिसतात ते पाहावे. शक्यता सारखी असेल, तर दोन्ही गटांचे प्रमाण जवळपास सारखे येते. वरच्या वस्तीत मात्र पहिल्या गटातील ३३ पैकी २६, म्हणजे सुमारे ७८ टक्के, आणि दुसऱ्या गटातील २६ पैकी १५, म्हणजे सुमारे ५७ टक्के दिसतील. असा फरक दिसला, की साधे सूत्र कमी सांगत आहे असे समजावे. मग नर, मादी, मुख्य रस्ता, गल्ली असे गट पाडून वेगळे अंदाज काढावेत, किंवा दिसण्याची विषम शक्यता धरणारे प्रतिमान वापरावे.

फळबागेत हीच चूक उलट दिशेने होते. आंब्यावरील फळमाशीचे नर मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात येतात. असे नर जिवंत पकडून, रंगीत भुकटीची खूण करून सोडले आणि पुन्हा त्याच आमिषाने पकडू पाहिले, तर ते कमी येतात. कारण मिथाइल युजेनॉल खाल्लेल्या नराचे त्याविषयीचे आकर्षण काही काळ मंदावते. भुकटी झडली, तरीही परिणाम तोच. पुनर्नोंदी घटतात आणि बागेतील माश्यांची संख्या वाजवीपेक्षा मोठी दिसते. त्यात मादी मोजलीच जात नाही. फळात अंडी घालणारी मात्र तीच असते. म्हणून खूण करण्यासाठीच्या आणि पुन्हा पकडण्यासाठीच्या सापळ्यांची आमिषे वेगळी असावीत.

बेंगळूरुचे दोन आकडे शेजारी ठेवल्यास सुमारे १० टक्के घट दिसते. ती खरी घट मानायची, तर दोन्ही वेळा ऋतू, फेरीची वेळ, कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण आणि जुळणीची रीत सारखी असायला हवी. तशी ती असेल, तर दोन्ही अंदाज कमी असूनही त्यांचे गुणोत्तर बरेचसे विश्वसनीय राहते. पुढील सर्वेक्षणात किमान काही भागांत तिसरी फेरी ठेवल्यास लसमात्रा कोणत्या संख्येवर मोजाव्यात, याचे उत्तर अधिक भरवशाचे मिळेल.